‘स्टोरेजपर्यंत पोहोचता आलं नाही’: रात्रीचा बॅकअप अडकल्यावर होस्टिंगवाल्यांना काय लिहायचं

कसबा पेठेत तांबट आळीजवळ एका काकूंचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. घंगाळं, तांबे, कळशा, समया, पूजेची उपकरणी असा सगळा माल त्या वेबसाइटवरूनही विकतात. वेबसाइटचा सर्व्हर एका होस्टिंग कंपनीकडे भाड्याने घेतलेला आहे. रोज पहाटे अडीच वाजता साइटची आणि ऑर्डरींची एक प्रत तयार होते आणि दुसऱ्याच कंपनीकडे घेतलेल्या स्टोरेजवर जाऊन पडते. एका कंपनीचं यंत्र बंद पडलं तरी दुसरीकडे प्रत राहावी, म्हणून ही सोय केलेली.

10 जूनला सकाळी काकूंना स्पॅममध्ये एक मेल दिसला: ‘FAILED, could not reach storage’. त्यांनी लगेच होस्टिंगच्या सपोर्टला लिहिलं, ‘बॅकअप होत नाहीये, कृपया तातडीने बघा.’ तासाभराने उत्तर आलं, ‘10 जून, 2:30 च्या लॉगमध्ये कोणतीही अडचण दिसत नाही. सर्व्हर सुरळीत आहे, साइट उघडते आहे. बॅकअपचं सॉफ्टवेअर तपासून घ्यावं.’ मग काकूंनी मला फोन केला.

सपोर्टवाल्यांनी कामचुकारपणा केला असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे दिवसभरात असे बरेच निरोप येतात, आणि ‘होत नाहीये’ एवढ्यावरून कुठे बघायचं ते कळत नाही. पण ‘पोहोचता आलं नाही’ या तीन शब्दांच्या मागे नेमकं काय घडलं हे दुकानदाराला थोडं समजलं, तर तोच निरोप असा लिहिता येतो की समोरच्याला एकाच जागी बोट ठेवता येतं. काकूंचा दुसरा निरोप तसा होता, आणि त्यावर चाळीस मिनिटांत उत्तर मिळालं. मधल्या वेळात काय काय केलं, ते सांगतो.

आधी वेळ जुळवायची

सपोर्टवाल्यांना लॉगमध्ये काही दिसलं नाही, याचं कारण अगदी साधं होतं. बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. आपली भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. त्यामुळे पुण्यात 10 जूनच्या पहाटेचे 2:30 वाजलेले असतात, तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात 9 जूनच्या रात्रीचे 21:00 असतात. तारीखसुद्धा वेगळी. काकूंच्या मेलवरून सपोर्टच्या माणसाने 10 जूनचे 2:30 शोधले. सर्व्हरच्या हिशेबाने ती आपली सकाळी आठची वेळ, आणि सकाळी आठला बॅकअप चालतच नाही. मग तिथे काय दिसणार?

योग्य वेळेला लॉग उघडला तर पाच ओळी सापडल्या. स्टोरेजचं खरं नाव आणि आयपी पत्ते मी या लेखात बदलले आहेत, बाकी ओळी तशाच आहेत:

```
Jun 09 21:00:01 backup: archive started
Jun 09 21:06:40 backup: archive ok, 1.9G
Jun 09 21:06:41 backup: connecting store.example.com port 22
Jun 09 21:08:48 ssh: connect to host store.example.com port 22: Connection timed out
Jun 09 21:08:48 backup: FAILED, could not reach storage
```

पहिल्या दोन ओळींवरूनच कळतं की प्रत तयार झाली होती. 1.9 जीबीची फाइल साडेसहा मिनिटांत बनली आणि सर्व्हरवर पडून होती. म्हणजे बॅकअपचं सॉफ्टवेअर आपलं काम करत होतं. अडचण फक्त ती फाइल बाहेर पाठवताना आली. ‘बॅकअप होत नाही’ आणि ‘बॅकअप तयार होतो, पण पाठवता येत नाही’ या दोन तक्रारींत मोठा फरक आहे. पहिली तक्रार वाचून सपोर्टवाला सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो. दुसरी वाचली की तो नेटवर्ककडे वळतो.

नकार आणि मौन

आता चौथी ओळ. शेवटचे तीन शब्द, ‘Connection timed out’, हे या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे.

समजा दुकानाचा माल रोज रात्री टेम्पोने मार्केट यार्डाजवळच्या गोदामात जातो. माल पोहोचला नाही, तर त्याची चार वेगवेगळी कारणं असू शकतात. चालकाला पत्ताच सापडला नाही. किंवा तो गोदामापाशी पोहोचला, पण आतून कोणीतरी सांगितलं, ‘इथे या दाराने माल घेत नाही.’ किंवा फाटक उघडलं, पण आतल्या कुलपाला किल्ली लागली नाही. किंवा फाटकाबाहेर उभं राहून कितीही हाका मारल्या, तरी आतून हूं की चूं नाही.

नेटवर्कमध्ये या चारही गोष्टींसाठी वेगळी वाक्यं ठरलेली आहेत. पत्ता सापडला नाही, तर लॉगमध्ये ‘Could not resolve hostname’ येतं. म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये गडबड आहे. स्पष्ट नकार असेल, तर ‘Connection refused’ येतं. यंत्र जागं आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारा कोणी नाही. किल्ली लागली नाही, तर ‘Permission denied’. इथे जोडणी झालेली असते, फक्त पासवर्ड किंवा एसएसएच या सुरक्षित जोडणीची की, म्हणजे किल्लीची फाइल, चुकलेली असते, आणि ती सुधारणं होस्टिंगवाल्यांच्या हातात नसतं. चौथं ते मौन. त्याला ‘timed out’.

मौन आणि नकार यांतला फरक शब्द न वाचता, नुसत्या घड्याळावरूनही ओळखता येतो, आणि मला ही खूण फार उपयोगाची वाटते. लॉगमध्ये 21:06:41 ला जोडणी सुरू झाली आणि 21:08:48 ला हार मानली. मध्ये 127 सेकंद गेले. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. लिनक्सचा सर्व्हर जोडणीसाठी पहिली हाक मारतो आणि 1 सेकंद वाट बघतो. उत्तर नाही आलं, तर दुसरी हाक मारून 2 सेकंद थांबतो, मग 4, 8, 16, 32 आणि शेवटी 64. या सातांची बेरीज 127. म्हणजे सर्व्हरने सात हाका मारल्या आणि एकीलाही उत्तर आलं नाही. नव्या लिनक्समध्ये हाकांची पद्धत थोडी बदलली आहे, पण एकूण वेळ दोन मिनिटांच्या आसपासच राहतो. काही बॅकअपची सॉफ्टवेअरं स्वतःच दहा-तीस सेकंदांनी नाद सोडतात. नकार असता, तर चौथी ओळ बहुधा तिसऱ्या ओळीच्याच सेकंदाला आली असती.

हाकेला उत्तर न येण्याची मुख्य कारणं तीन. स्टोरेजचं यंत्र बंद असेल. किंवा आपल्या होस्टिंगच्या फायरवॉलने बाहेर जाणारी हाक दाबून टाकली असेल. किंवा स्टोरेजच्या फायरवॉलने आत येणारी हाक गिळली असेल. फायरवॉल म्हणजे फाटकावरचा रखवालदार. अनोळखी हाकेला त्याने ‘नाही’ म्हटलं, तर आत कोणीतरी आहे हे चोराला कळतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याला गप्प राहायला सांगितलेलं असतं.

स्टोरेज कंपनीच्या पॅनलवर काकूंचं यंत्र चालू दिसत होतं. म्हणजे पहिलं कारण गेलं. उरले दोन रखवालदार.

कोणता रखवालदार?

इथे एक फसवी चाचणी आहे, आणि काकूंच्या पुतण्याने ती आधीच करून ठेवली होती. त्याने घरच्या लॅपटॉपवरून स्टोरेजला जोडून पाहिलं. तिथेही ‘timed out’ आलं. ‘घरूनही लागत नाही, म्हणजे स्टोरेजच बंद आहे,’ असा निष्कर्ष त्याने काढला होता. तो चुकला, पण त्याची चूक समजण्यासारखी आहे. या स्टोरेजच्या रखवालदाराकडे एक यादी आहे, आणि तिच्यात एकच पत्ता लिहिलेला आहे: काकूंच्या सर्व्हरचा. बाकी सगळ्या जगाला तो गप्पच राहणार. म्हणजे सगळं नीट चालू असतं तरी घरच्या लॅपटॉपला हेच उत्तर मिळालं असतं. त्या चाचणीतून काहीच कळत नाही.

खरी चाचणी सर्व्हरवरूनच करावी लागते, आणि तीही दोन ठिकाणी हाक मारून. एक हाक आपल्या स्टोरेजला. दुसरी अशा जागी, जिथे 22 हे पोर्ट सगळ्या जगासाठी उघडं असतं. प्रोग्रामर लोक वापरतात त्या गिटहबच्या सर्व्हरवर ते उघडं असतं, म्हणून मी तिथे हाक मारली:

```
nc -zv -w 10 store.example.com 22
nc -zv -w 10 github.com 22
```

`-z` म्हणजे नुसती जोडणी करून बघ, काही पाठवू नकोस. `-w 10` म्हणजे दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नकोस. पहिल्या आज्ञेला दहा सेकंदांनी ‘timed out’ आलं. दुसरीला क्षणात ‘succeeded!’. याचा अर्थ, होस्टिंगची फायरवॉल पोर्ट 22 वरची बाहेर जाणारी हाक अडवत नाही. दाराबाहेर पडायला मुभा आहे. म्हणजे गप्प बसलाय तो पलीकडचा रखवालदार.

(दोन्हीकडे ‘timed out’ आलं असतं, तर संशय सरळ होस्टिंगच्या फायरवॉलवर गेला असता. काही स्वस्त सामायिक योजनांमध्ये बाहेर जाणारं पोर्ट 22 मुळातच बंद असतं. तिथे सपोर्टला ते उघडून मागण्याशिवाय गत्यंतर नाही.)

पण पलीकडचा रखवालदार 7 जूनच्या पहाटेपर्यंत रोज माल आत घेत होता. स्टोरेजच्या पॅनलवर गेल्या महिनाभरात कोणी काही बदललेलं नव्हतं. यादी तीच, रखवालदार तोच. मग बदललं काय असेल? टेम्पोची नंबरप्लेट.

सर्व्हर बाहेर हाक मारतो, तेव्हा त्या हाकेवर त्याचा आयपी पत्ता लिहिलेला असतो. तो नेमका कोणता दिसतो, हे सर्व्हरवरूनच विचारता येतं:

```
curl -4 https://ifconfig.me
```

उत्तर आलं 198.51.100.61. स्टोरेजच्या यादीत लिहिलेला होता 203.0.113.24.

इथे बरेच लोक एक चूक करतात. आपल्या वेबसाइटचं नाव पिंग करून जो पत्ता येतो, तोच सर्व्हरचा पत्ता समजतात. गिऱ्हाईक ज्या दाराने आत येतं आणि सर्व्हर ज्या दाराने बाहेर पडतो, ती दारं वेगळी असू शकतात. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल, तर पिंगला त्या सेवेचा पत्ता येतो आणि त्याचा बॅकअपशी काही संबंध नसतो. यादीत लिहायचा तो बाहेर पडतानाचाच पत्ता.

निरोप लिहिण्याआधीची एक घाई

एवढं कळल्यावर लगेच निरोप लिहायला हवा होता. पण त्याआधी मी डिस्क बघितली, आणि ते बरं झालं.

काकूंच्या सर्व्हरवर 20 जीबी जागा आहे. एरवी त्यातली 11.8 जीबी वापरलेली असते. बॅकअपची प्रत स्टोरेजवर नीट पोहोचली की सर्व्हरवरची प्रत पुसायची, असं त्या प्रोग्रामला सांगितलेलं आहे. पोहोचली नाही, तर पुसायची नाही. हे योग्यच आहे, पण त्यामुळे 8, 9 आणि 10 जूनच्या तीन प्रती तिथेच साठल्या होत्या. तीन गुणिले 1.9 म्हणजे 5.7 जीबी. वापर 17.5 वर गेलेला, शिल्लक 2.5. अकरा तारखेच्या पहाटे अजून एक प्रत बनली असती, मग उरले असते 0.6. बारा तारखेची प्रत बनता बनता डिस्क भरली असती.

डिस्क भरली की फक्त बॅकअप थांबत नाही. डेटाबेसला नवी ऑर्डर लिहायलाही जागा उरत नाही. गिऱ्हाईक पैसे भरतं, बँकेतून रक्कम कापली जाते, आणि दुकानात त्या ऑर्डरची नोंदच होत नाही. ‘बॅकअप चार दिवस नाही झाला तर काय बिघडलं’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशेब आपल्या सर्व्हरवर एकदा करून पाहावा. काकूंकडे जेमतेम दोन रात्री होत्या.

जागा मोकळी करायला तिन्ही प्रती पुसून टाकणं सोपं होतं, पण ते केलं नाही. स्टोरेजवरची शेवटची प्रत 7 तारखेची. त्यानंतरच्या ऑर्डरी फक्त या सर्व्हरवर होत्या. सर्व्हरवरची प्रत सर्व्हरबरोबरच जाते, म्हणून आधी 10 तारखेची फाइल दुकानातल्या संगणकावर उतरवून घेतली. दुकानाच्या 50 एमबीपीएसच्या इंटरनेटवर त्याला सहा-सात मिनिटं लागली. उतरलेली फाइल अखंड आहे ना, हे `gzip -t` या आज्ञेने तपासलं. मग 8 आणि 9 च्या प्रती पुसल्या. दहाची सर्व्हरवरही ठेवली.

घाईत काही जण अशी फाइल वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये, `public_html` मध्ये ठेवतात, म्हणजे ब्राउझरमधून पटकन उतरवता येते. तसं करू नये. फाइलचं नाव ज्याला सुचेल त्याला ती उतरवता येईल, आणि तिच्यात तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन नंबर असतो.

दुसरा निरोप

मग काकूंनी लिहिलेला निरोप असा:

‘नमस्कार. आमच्या सर्व्हरवरून बाहेरच्या स्टोरेजवर जाणारा रोजचा बॅकअप 8 जूनपासून पोहोचत नाही. शेवटचा यशस्वी बॅकअप भारतीय वेळेनुसार 7 जून, पहाटे 2:30 चा. काल रात्रीचा प्रयत्न सर्व्हरच्या वेळेनुसार 9 जून, 21:06:41 यूटीसीला सुरू झाला आणि 21:08:48 ला थांबला. लॉगमधली ओळ:

```
ssh: connect to host store.example.com port 22: Connection timed out
```

बॅकअपची फाइल तयार होते आहे, फक्त पाठवता येत नाही. सर्व्हरवरूनच तपासलं तेव्हा github.com च्या पोर्ट 22 ला जोडणी होते, स्टोरेजच्या पोर्ट 22 ला होत नाही. स्टोरेजच्या फायरवॉलमध्ये आमचा पत्ता 203.0.113.24 नोंदवलेला आहे. आज आमचा सर्व्हर बाहेर 198.51.100.61 या पत्त्याने जाताना दिसतो.

तीन गोष्टी कृपया सांगाव्यात. 7 जूनच्या पहाटेनंतर आमचा बाहेर जाणारा पत्ता बदलला आहे का? नवा पत्ता कायमचा आहे, की अनेक पत्त्यांपैकी कोणताही लागू शकतो? आणि तो फक्त आमच्या खात्याचा आहे, की इतर ग्राहकांबरोबर सामायिक?’

या निरोपात पासवर्ड नाही, एसएसएचची की नाही, डेटाबेसचं नाव नाही. यातलं काहीही सपोर्टला लागत नाही, आणि तिकिटात लिहिलेलं अनेक जणांच्या नजरेखालून जातं. ‘तातडीने’ हा शब्दही नाही. त्याऐवजी शेवटी काकूंनी दोन वाक्यं जोडली: ‘डिस्कवर सध्या 6.3 जीबी मोकळी आहे. रोज 1.9 जीबी भरते आहे.’ तातडी किती, ते या आकड्यांवरून कोणालाही कळतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे जवळजवळ होतंच. दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने जास्त मोलाचे. सामायिक होस्टिंगमध्ये कधी कधी शेकडो साइट एकाच पत्त्याने बाहेर पडतात, किंवा आज एक आणि उद्या दुसरा पत्ता लागतो. नवा पत्ता तसा असेल, तर तो यादीत लिहूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच होणार. आणि पत्ता सामायिक असेल, तर रखवालदाराची यादी म्हणजे फार मोठं संरक्षण नव्हे. शेजारच्या साइटलाही तोच नंबर लागू होतो. मग सगळी भिस्त एसएसएचच्या कीवर.

चाळीस मिनिटांनी आलेलं उत्तर थोडक्यात असं: 7 जूनच्या रात्री खातं नव्या यंत्रावर हलवलं, पत्ता बदलला आहे, नवा पत्ता कायम आहे आणि फक्त याच खात्याचा आहे. स्थलांतराची सूचना मेलने दिली होती. ती काकूंच्या जुन्या मेल पत्त्यावर गेली होती.

यादी एकाच ठिकाणी नसते

स्टोरेजच्या पॅनलवर जाऊन फायरवॉलच्या नियमात 198.51.100.61 टाकला. जुना 203.0.113.24 काढून टाकला. जुना ठेवला तरी चालेल असं वाटतं, पण तो पत्ता आता होस्टिंग कंपनी दुसऱ्या कोणाला देणार, आणि त्या अनोळखी माणसासाठी आपलं फाटक उघडं राहणार. `nc` ची पहिली आज्ञा पुन्हा दिली. ‘succeeded!’.

पण मला एक गोष्ट खुपत होती. बॅकअप 8 तारखेला पडला, 9 ला पडला, मग मेल 10 लाच का दिसला? काकू रोज सकाळी मेल बघतात. स्पॅम मात्र त्या क्वचित उघडतात, आणि तिन्ही मेल तिथेच पडले होते.

त्याचंही मूळ तेच निघालं. काकूंच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायला कोणत्या पत्त्यांना परवानगी आहे, हे डीएनएसमधल्या एसपीएफ नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. मेल घेणारा सर्व्हर ती नोंद वाचतो. तिथे असं होतं:

```
v=spf1 ip4:203.0.113.24 ~all
```

म्हणजे ‘हा एक पत्ता आमचा, बाकी सगळे संशयास्पद’. सर्व्हर नव्या पत्त्यावरून मेल पाठवू लागला, आणि मेल घेणाऱ्यांनी ते स्पॅममध्ये टाकायला सुरुवात केली. बिघाड सांगणारा मेल त्याच बिघाडाच्या कारणाने अडकला. त्याहून वाईट म्हणजे, गिऱ्हाइकांना जाणारे ‘तुमची ऑर्डर मिळाली’ हे मेलही त्याच सर्व्हरवरून जात होते. तीन दिवसांत दोन गिऱ्हाइकांनी फोन करून ‘ऑर्डर झाली का?’ असं विचारलं होतं. काकूंना तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

एसपीएफमध्ये नवा पत्ता लिहिला. मग जुना पत्ता अजून कुठे लिहिलेला असेल, ते शोधत बसलो. कुरिअर कंपनीच्या पॅनलवर एक नोंद सापडली. पावतीवरचा नंबर आपोआप यावा म्हणून तिथेही सर्व्हरचा पत्ता दिलेला होता. तीन दिवस काकूंच्या दुकानातला मुलगा तो नंबर हाताने भरत होता. आयपी पत्ता बदलला की त्याची झळ अशी वेगवेगळ्या ठिकाणी लागते, आणि प्रत्येक ठिकाणची तक्रार वेगळीच दिसते.

पोहोचला हे कशावरून?

दुपारी ऑर्डरी कमी असतात, म्हणून तीन वाजता बॅकअप हाताने चालवला. लॉगच्या शेवटी ‘OK’ आलं. तेवढ्यावर मी थांबत नाही, कारण जोडणी मध्येच तुटल्यावर अर्धवट फाइल ठेवून ‘OK’ म्हणणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत. स्टोरेजवर जाऊन फाइलचा आकार बघितला. 1.9 जीबी, लॉगमध्ये नोंदलेल्या आकाराइतकाच. मग ती फाइल दुकानातल्या संगणकावर उतरवून उघडली आणि डेटाबेसच्या भागात त्या दिवशी सकाळी आलेली ऑर्डर शोधली. कोथरूडहून दोन तांब्याच्या कळशा. सापडली.

अपयशाचा मेल येतो, यावर मात्र आता विसंबायचं नाही असं काकूंनी ठरवलं. मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. शिवाय अडीचला बॅकअप सुरू करणारं क्रॉनच थांबलं, तर अपयशाचा मेल पाठवणारं कोणी उरतच नाही. म्हणून उलटं केलं: प्रत पोहोचली की रोज यशाचा मेल, त्यात फाइलचा आकार. सकाळी दुकान उघडल्यावर काकू तो बघतात आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहितात. मेल आला नाही, किंवा आकडा एकदम घसरला, तर त्याच दिवशी कळतं.

11 जूनच्या सकाळी वहीत पहिला आकडा लिहिला गेला, 1.9. सर्व्हरच्या लॉगमध्ये ती वेळ 10 जून, 21:10:52 अशी होती. तेवढं जुळवून बघून आम्ही सर्व्हरवर ठेवलेली 10 तारखेची प्रतही पुसली, आणि डिस्क पुन्हा 11.8 वर आली.